माजी कर्मचाऱ्यासाठी शिफारसपत्र : खरे लिहावे, जपून लिहावे

नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याबद्दल नव्या मालकाने विचारणा केली, की जुन्या कंपनीला दोन प्रकारची कागदपत्रे देता येतात. पहिले सेवा प्रमाणपत्र, ज्याला बोलीत एक्सपिरिअन्स लेटर म्हणतात. त्यात हुद्दा, नेमणुकीची आणि कार्यमुक्तीची तारीख, कामाचे स्वरूप एवढेच असते. दुसरे शिफारसपत्र किंवा रेफरन्स लेटर. त्यात माणूस कसा होता, काम कसे करत होता, याबद्दल मत असते. पहिल्याकडे हक्क म्हणून पाहिले गेले आहे. 1946 च्या केंद्रीय नियमांना जोडलेल्या नमुना स्थायी आदेशांत कायम कामगाराला बडतर्फी, सेवामुक्ती किंवा निवृत्तीच्या वेळी सेवा प्रमाणपत्र देण्याची तरतूद होती. दुसरे मात्र मालकाच्या इच्छेवर असते. तरीही एकदा ते द्यायचे ठरवले, की त्यातल्या प्रत्येक वाक्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

कायदा काय पाहतो

माजी कर्मचाऱ्याबद्दल नुकसानकारक मजकूर तिसऱ्या व्यक्तीकडे पाठवणे, ही बदनामीच्या कायद्याच्या दृष्टीने प्रसिद्धीच असते. त्यासाठी तो वर्तमानपत्रात छापून यावा लागत नाही. एका कंपनीच्या एचआर विभागाने दुसरीच्या एचआर विभागाला पाठवलेला ईमेलही पुरतो. 1 जुलै 2024 पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. त्यापूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 499 आणि 500 मध्ये होता. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेत समाजसेवेचाही पर्याय आला आहे. याशिवाय नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा.

मात्र याच कलमाने काही अपवाद सांगितले आहेत आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्याचा आधार तेच आहेत. विधान खरे असेल आणि ते सांगणे लोकहिताचे असेल, तर गुन्हा होत नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान, तसेच ज्याला सावध करायचे त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने दिलेली सूचना, हेही अपवाद आहेत. नव्या मालकाने विचारल्यावर दिलेले उत्तर बहुधा याच चौकटीत बसते. फक्त सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली किंवा मानलेली गोष्ट सद्भावनेची समजली जाणार नाही, असे कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. ऐकीव माहितीवर लिहिलेले पत्र कितीही निर्मळ मनाने लिहिलेले असो, त्याला हे संरक्षण मिळेलच असे नाही.

इंग्लंडच्या न्यायालयांनी हाच मुद्दा आणखी पुढे नेला. 1994 मध्ये स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एका विमा विक्रेत्याचे प्रकरण आले. त्याच्याबद्दलच्या पत्रात त्याच्या सचोटीवर आणि प्रामाणिकपणावर गंभीर आक्षेप होते, आणि ते चुकीचे ठरले. लिहिणाऱ्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता आणि त्यांच्या मनात आकस नव्हता, म्हणून बदनामीच्या मार्गाने त्याला दाद मिळणे अवघड होते. तरी पत्र तयार करताना वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य माजी कर्मचाऱ्याप्रतिही असते, असे बहुमताने ठरले आणि निष्काळजीपणाबद्दल मालकाला जबाबदार धरता आले. पुढे 2001 मध्ये कॉक्स विरुद्ध सन अलायन्स या प्रकरणात तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले, की अप्रामाणिकपणाचा उल्लेख करायचा असेल तर आधी रीतसर तपास व्हायला हवा आणि तसे मानायला वाजवी कारण हवे. हे निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण पत्र लिहिताना काळजी घेणे म्हणजे नेमके काय, हे त्यांतून चांगले कळते.

खोट्या स्तुतीचाही धोका

वाईट लिहिले तर खटला होईल, म्हणून चांगलेच लिहावे, असा एक सोयीचा समज आहे. तो चुकीचा आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 1997 मध्ये एका शाळा प्रशासकाचे प्रकरण आले. विद्यार्थिनींशी गैरवर्तन केल्याचे आरोप त्याच्यावर आधीच्या शाळांत झाले होते. तरीही त्या शाळा-मंडळांनी कोणतीही मर्यादा न घालता त्याची भरभरून स्तुती करणारी पत्रे दिली. नव्या शाळेत त्याने एका मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप झाला. नुसते गप्प राहणे आणि अर्धवट स्तुती करणे यांत न्यायालयाने फरक केला. इतरांना शारीरिक इजा होण्याचा धोका दिसत असताना दिशाभूल करणारी शिफारस केली, तर शिफारस करणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते, असा निर्णय दिला.

म्हणून धोका निंदेत आहे तसाच अर्धसत्यातही आहे. पत्रातले प्रत्येक वाक्य वेगवेगळे खरे असूनही सगळे मिळून वाचणाऱ्याची समजूत चुकीची होत असेल, तर ते पत्र खरे म्हणता येत नाही.

एक उदाहरण

समजा, कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये एक स्टोअरकीपर जून 2019 पासून कामाला होता. मार्च 2024 च्या साठा-मोजणीत कार्बाइड इन्सर्टचा सुमारे 1,40,000 रुपयांचा माल कमी भरला. इन्सर्ट नखाएवढे असतात, महाग असतात आणि मागणी-चिठ्ठीशिवाय हातोहात दिले गेले तर त्यांचा माग राहत नाही. कंपनीने कारणे दाखवा नोटीस दिली. रात्रपाळीचे सुपरवायझर चिठ्ठी न देता माल उचलतात, असा लेखी खुलासा त्याने केला. चौकशी सुरू होण्याआधीच त्याने राजीनामा दिला. कंपनीने तो स्वीकारला आणि सगळी देणी चुकती केली. आता चाकणच्या एका कंपनीने स्टोअरच्याच जागेसाठी त्याच्याबद्दल लेखी विचारणा केली आहे.

मालकाच्या मनातला मसुदा असा : ‘चोरीच्या प्रकरणामुळे त्याला राजीनामा द्यावा लागला. त्याच्या प्रामाणिकपणाची खात्री देता येत नाही.’ यात दोन चुका आहेत. माल कमी भरला हे नोंदीत आहे, चोरी झाली हे कोणीही सिद्ध केलेले नाही. राजीनामा द्यायला लावला याचाही कागद नाही. कागदावर फक्त स्वीकारलेला राजीनामा आहे. मालकाला वाटलेले अनुमान इथे वस्तुस्थिती म्हणून मांडले गेले आहे. खटला झाला तर नेमके हेच वाक्य सिद्ध करता येणार नाही.

मॅनेजरचा मसुदा सहानुभूतीचा आहे : ‘2021 मध्ये त्याने बिन कार्ड पद्धत सुरू केली. साठ्याच्या नोंदी काटेकोर ठेवल्या.’ पहिले वाक्य खरे आहे, दुसरे तफावतीशी विसंगत आहे. दुसरे वाक्य काढले तरी अडचण उरतेच. साठा सांभाळण्याचीच जागा भरणाऱ्या कंपनीला बिन कार्डाची स्तुती कळवायची आणि न मिटलेल्या तफावतीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे अर्धसत्य होते.

यातून दोन सुरक्षित वाटा निघतात. पहिली वाट म्हणजे केवळ सेवा प्रमाणपत्र द्यायचे : ‘जून 2019 ते मार्च 2024 या काळात ते स्टोअरकीपर या पदावर होते. राजीनाम्याने सेवा संपली. कंपनीच्या धोरणानुसार माजी कर्मचाऱ्यांबद्दल एवढीच माहिती दिली जाते.’ शेवटचे वाक्य मात्र खरे असायला हवे. इतरांना पानभर शिफारस आणि याला एवढेच दिले, तर ते मौनच आरोपासारखे वाचले जाते. म्हणून हे धोरण आधीच लेखी ठरवून सर्वांना सारखे लावावे लागते.

कामाबद्दल मत द्यायचेच असेल, तर दुसरी वाट. त्यात बिन कार्डाचा उल्लेख राहू शकतो, पण त्यासोबत हेही यायला हवे : ‘मार्च 2024 च्या साठा-मोजणीत आढळलेल्या तफावतीबाबत त्यांच्याकडून खुलासा मागवला होता व त्यांनी तो लेखी दिला. त्यांनी राजीनामा दिल्याने चौकशी झाली नाही आणि कंपनीने त्यांच्याविरुद्ध कोणताही निष्कर्ष काढलेला नाही.’ यातली प्रत्येक गोष्ट फाइलमधल्या कागदावर दाखवता येते. कर्मचाऱ्याने खुलासा दिला हे त्यात आहे आणि निष्कर्ष निघालेला नाही हेही आहे. ही दोन्ही वाक्ये गाळली तर उरलेले विधान पुन्हा आरोप होऊन बसते. असे पत्र पाठवण्यापूर्वी त्याचा मसुदा कर्मचाऱ्याला दाखवणे चांगले. एखादा तपशील चुकला असेल तर तो वेळीच कळतो, आणि काळजी घेतल्याचा पुरावाही राहतो.

नव्या कंपनीच्या छापील फॉर्ममध्ये ‘सचोटी’ आणि ‘पुन्हा नोकरीवर घ्याल का?’ असे रकाने असतात. तिथे ‘नाही’ हा एकच शब्द लिहिला तरी तो कारण न दिलेला आरोप ठरतो. ‘या प्रश्नांची उत्तरे देण्याचे कंपनीचे धोरण नाही’ असे लिहून ते रकाने मोकळे सोडता येतात.

काय लिहू नये, कसे पाठवावे

काही माहिती खरी असली तरी तिला पत्रात जागा नाही. आजारपण, बाळंतपणाची रजा, युनियनचे सभासदत्व, जात, घरगुती वाद यांचा कामाच्या मूल्यमापनाशी संबंध नसतो. लैंगिक छळाच्या तक्रारीबाबत विशेष सावध राहावे लागते. 2013 च्या कायद्याचे कलम 16 तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदारांची ओळख आणि चौकशीचे कामकाज जाहीर करण्याला मनाई करते. अशा प्रकरणाचा उल्लेख कोणत्याही रूपात करण्याआधी वकिलाला विचारणेच योग्य.

पत्र ज्याने विचारले त्याच्याच नावे, गोपनीय म्हणून पाठवावे. अपवादाचे संरक्षण वाचणाऱ्याच्या हितसंबंधावर उभे असते. म्हणून टीकेचा मजकूर ‘ज्याच्याशी संबंध असेल त्यास’ अशा मोघम पत्त्याने देऊ नये. मॅनेजरने वैयक्तिक मत द्यायचे तर कंपनीचे लेटरहेड वापरू नये आणि मत आपले आहे हे स्पष्ट लिहावे. फोनवर विचारणा झाली तर पत्रात लिहिले तेवढेच सांगावे, कारण बदनामी तोंडीही होते. फोन कोणाचा, कधी आला आणि काय सांगितले, याची नोंद ठेवावी.

पत्राची प्रत आणि त्यामागचे कागद, म्हणजे हजेरीपट, मूल्यमापनाचे अहवाल, नोटीस, खुलासा, किती काळ जपायचे, हे मुदतीच्या कायद्यावरून ठरवता येते. लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्याला प्रसिद्धीपासून एक वर्षाची मुदत आहे. फौजदारी तक्रारीसाठी ती तीन वर्षे आहे. म्हणून पत्र पाठवल्यापासून किमान तीन वर्षे फाइल सांभाळावी. तेच पत्र पुन्हा दुसऱ्याला पाठवले, तर तेव्हापासून तीन वर्षे नव्याने मोजावीत. कर्मचाऱ्याशी तडजोड करताना पत्राचा मजकूर दोघांनी मिळून ठरवला असेल, तर त्यात नंतर एकतर्फी शब्दही बदलू नये. न्यायालयात किंवा कामगार आयुक्तांकडे प्रकरण चालू असेल, तर सेवेच्या तारखा आणि हुद्दा यांपलीकडचे वाक्य वकिलाने वाचल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये.