काळी कॉफी आणि उपवास

कॉफीने उपवास मोडतो काय, असा प्रश्न हल्ली घरोघरी ऐकू येतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी उपवास कोणता, हे ठरविले पाहिजे. एकादशीच्या उपवासात कोणता पदार्थ चालतो, हा प्रश्न असतो. म्हणून भगर, साबुदाणा आणि दूधसाखरेचा चहा त्यात खुशाल चालतो. आपण येथे ज्याचा विचार करणार आहोत त्या ‘इंटरमिटंट फास्टिंग’चा नियम पदार्थांचा नसून घड्याळाचा आहे. दिवसातील ८ तासांत जेवणखाण उरकावयाचे आणि उरलेले १६ तास पोटात अन्न जाऊ द्यावयाचे नाही, ही त्याची प्रचलित रीत होय.

या १६ तासांत शरीरात काय घडते? जेवणानंतर रक्तातील साखर वाढते आणि स्वादुपिंडातून इन्शुलिन नावाचा रस रक्तात उतरतो. हे इन्शुलिन जणू कोठारावरील पहारेकरी आहे: आलेले अन्न तो साठवून घेतो आणि साठविलेली चरबी बाहेर पडू देत नाही. काही तासांनी अन्न पचून संपले, की इन्शुलिन उतरते. प्रथम यकृतातील साखरेचा साठा खर्ची पडतो व मग चरबीचा वाटा उत्तरोत्तर वाढत जातो. म्हणून पेयाची कसोटी दुहेरी आहे: त्याने इन्शुलिन वाढते काय, आणि त्यातून शरीरास इंधन मिळते काय?

काळी कॉफी या कसोटीस उतरते. नुसत्या पाण्यात केलेल्या पेलाभर कॉफीत जेमतेम २ ते ५ उष्मांक असतात. एवढ्याने उपवास मोडला असे कोणी म्हणणार नाही. उलट कॉफीतील कॅफीन साठविलेली चरबी रक्तात उतरण्यास किंचित हातभारच लावते. वेलदोडा, जायफळ किंवा सुंठ यांची चिमूट घातली तरी हिशेबात फरक पडत नाही.

खरा प्रश्न कॉफीचा नसून तिच्या सोबत्यांचा आहे. आपण एक उदाहरण घेऊ. एक गृहस्थ रात्री ८ वाजता जेवण संपवितात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजता जेवतात. सकाळी ७ वाजता ते घरची कॉफी घेतात. तीत १०० मिलिलिटर म्हशीचे दूध आणि २ चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर असते. दुधाचे सुमारे १०० आणि साखरेचे ४० मिळून १४० उष्मांक झाले. शिवाय दुधातील प्रथिने त्यातील साखरेच्या मानाने इन्शुलिन अधिक वाढवितात. १० वाजता असाच दुसरा पेला झाला, की २८० उष्मांक, म्हणजे दोन-तीन पोळ्यांइतके अन्न, पोटात गेले. त्यांचा उपवास १६ तासांचा नव्हे, तर ८ ते ७ असा ११ तासांचाच झाला. महिनाभराने वजन घटले नाही, तर दोष उपवासाचा नव्हे, पेल्याचा होय. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातल्याने यात काही सुधारणा होत नाही.

त्याच गृहस्थांनी काळ्या कॉफीत चहाच्या चमच्याने एकच चमचा दूध घातले, तर? ५ मिलिलिटरचे उष्मांक सुमारे ५. नियमाच्या अक्षराने उपवास मोडला. परंतु वजनाच्या हेतूला म्हणण्यासारखा धक्का पोहोचत नाही. तुपाचे मात्र उलट आहे. कॉफीत तूप किंवा लोणी घालून पिण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. त्याने इन्शुलिन फारसे वाढत नाही हे खरे. पण १५ ग्रॅम तुपात १३५ उष्मांक असतात आणि शरीर आपल्या साठ्याऐवजी प्रथम तेच तूप जाळते. तयार कॉफीच्या काही पुड्यांत साखर व दूधभुकटी आधीच मिसळलेली असते; वेष्टनावरील घटकांची यादी वाचल्यास हे ध्यानात येते.

काही मर्यादाही सांगणे अवश्य आहे. रिकाम्या पोटी कॉफीने आम्ल वाढून काहींना जळजळ होते, हातांस कंप सुटतो. तसे झाल्यास ती कमी करावी. उपाशीपोटी रक्ततपासणी करावयाची असेल, तर काळी कॉफीही वर्ज्य. तेथे केवळ पाणी चालते. मधुमेहावर इन्शुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून असा उपवास करू नये, कारण त्यांची साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. आणि आमच्या विद्यार्थी वाचकांचे वय वाढीचे आहे. हा हिशेब त्यांनी समजून घ्यावा, घरातील वडील मंडळींस समजावून द्यावा, परंतु सकाळची न्याहारी मात्र चुकवू नये.