टॉन्सिलच्या खाचांतले पांढरे खडे

खोकताना किंवा सकाळी चूळ भरताना कधीतरी तोंडात एक पांढरट-पिवळा कण येतो. भाताच्या शिताएवढा, बऱ्याचदा त्याहून लहान. तो बोटांत चिरडला की इतका घाण वास येतो, की आपल्याच घशातून हे आलं यावर विश्वास बसत नाही. कान-नाक-घशाच्या दवाखान्यात हे कण कागदात गुंडाळून आणणारे लोक नेहमी भेटतात. बहुतेकांनी घरात कुणालाही सांगितलेलं नसतं. कुणी कॅन्सरच्या धास्तीने आलेला असतो, तर कुणी पोट साफ होत नसेल म्हणून महिनोन्‌महिने चूर्ण घेत असतो. पोटाचा या कणांशी काही संबंध नाही. ते जिथे सापडतात तिथेच, टॉन्सिलमध्ये, तयार होतात.

आरशासमोर तोंड मोठं उघडलं, की पडजिभेच्या दोन्ही बाजूंना कमानीआड दोन गुलाबी गाठी दिसतात. ह्याच टॉन्सिल. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. प्रत्येक गाठीवर साधारण दहा ते वीस छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्रातून आत एक खोल, फाटे फुटलेली, शेवटी बंद होणारी खाच जाते. ही रचना सदोष नाही. तोंडातून येणाऱ्या जंतूंशी शरीराच्या संरक्षक पेशींची ओळख व्हावी, यासाठी टॉन्सिलला जास्तीत जास्त पृष्ठभाग लागतो आणि तो या खाचांमुळे मिळतो. पण जिथे खाच आहे तिथे काहीतरी साचणारच. आतल्या अस्तराच्या मेलेल्या पेशी, कामी आलेल्या पांढऱ्या पेशी, अन्नाचे बारीक कण आणि जंतू यांचा एक लगदा होतो. एरवी गिळताना घशाचे स्नायू टॉन्सिलला दाबतात आणि हा लगदा बाहेर पडून पोटात जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. खाचेचं तोंड अरुंद असेल, किंवा लहानपणी टॉन्सिल वारंवार सुजल्याने तिथे वण धरून ते आणखी आक्रसलं असेल, तर लगदा आत अडकतो. बरेच दिवस राहिला, की लाळेतले कॅल्शियमचे क्षार त्यावर बसून तो कडक होऊ लागतो. म्हणून त्याला टॉन्सिलचा खडा म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक खडे मऊच असतात, बोटांत सहज चिरडतात.

वास येतो तो खाचेच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही म्हणून. तिथे प्राणवायूशिवाय जगणारे जंतू वाढतात, साचलेल्या पेशींतली प्रथिनं फोडतात आणि त्यातून गंधकयुक्त वायू सुटतात. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, हा त्यातलाच. हे जंतू सुटे नसतात. ते एकमेकांना चिकटून, स्वतःभोवती एक बुळबुळीत थर धरून राहतात आणि त्या थरात औषध फारसं शिरत नाही. या आजारात अँटिबायोटिक का चालत नाही, याचं उत्तर इथे आहे. गोळ्यांनी जंतू थोडे दिवस कमी होतात, वासही उतरतो, पण खाच तीच आणि तिच्यात साचणंही तेच. कोर्स संपला की पहिले पाढे पंचावन्न.

एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. वय तिशीच्या आसपास, दिवसभर वर्गात बोलणं. तोंडाला वास येतो म्हणून तिने दात साफ करून घेतले होते. घशात डाव्या बाजूला काहीतरी टोचतंय म्हणून आरशात बघितलं तर टॉन्सिलवर पांढरा ठिपका दिसला. घरच्यांना तो पू वाटला. ताप नव्हता, गिळताना दुखत नव्हतं, तरीही अँटिबायोटिकचे कोर्स झाले. मधूनमधून डावा कान ठणकायचा म्हणून कानात थेंबही घातले गेले. तपासलं तेव्हा कान अगदी स्वच्छ होता. टॉन्सिल लाल नव्हती, सुजलेली नव्हती, फक्त एका छिद्रातून खड्याचं टोक डोकावत होतं. टॉन्सिल आणि मधला कान यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूच्या शाखांतून जातात, त्यामुळे घशातला त्रास कानात जाणवतो. खडा निघाल्यावर टोचणं थांबलं, थोड्या दिवसांत कानाचं दुखणंही गेलं. वास मात्र निम्माच कमी झाला. उरलेला तिच्या जिभेच्या मागच्या भागावर बसलेल्या जाड पांढऱ्या थराचा होता.

हे दुसरं कारण फार वेळा सुटून जातं. तोंडाला वास येण्याची नेहमीची ठिकाणं म्हणजे जिभेची मागची बाजू आणि हिरड्या. टॉन्सिलचे खडे त्यानंतर येतात. खडा दिसला म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारू नये. खडा निघून गेल्यावर चार दिवसांनी घरातल्या विश्वासातल्या माणसाला विचारावं. वास अजून येत असेल, तर जिभली मागपर्यंत हलक्या हाताने फिरवायची सवय लावावी आणि हिरड्या दाताच्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

त्या शिक्षिकेला पुढे जे करायला सांगितलं, ते अगदी साधं होतं. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून जेवणानंतर आणि झोपताना गुळण्या. मात्र गुळणी करायची पद्धत महत्त्वाची आहे. बरेच जण पाणी नुसतं गालात खळखळवतात आणि थुंकतात. ते टॉन्सिलपर्यंत जातच नाही. छोटा घोट घ्यायचा, मान मागे टाकायची, घशातून लांब आवाज काढत पाणी खुळखुळू द्यायचं आणि मग मान आधी डावीकडे, नंतर उजवीकडे कलती करायची. असं करूनही पाणी खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही. त्याचं काम तोंडाशी साचलेला चिकटा सैल करणं आणि नवीन कण आत जाण्याआधी धुऊन काढणं, एवढंच आहे. म्हणून आत बसलेला खडा एका गुळणीत निघावा ही अपेक्षा ठेवू नये. आठवडे-दोन आठवडे नियमित केल्यावर खडे येण्याचं प्रमाण कमी झालं का, ते बघावं.

लाल रंगाचं आयोडीनचं गुळण्यांचं औषध अनेक घरांत असतं आणि लोक ते रोजच्या रोज वापरत राहतात. तसं करू नये. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊच नये. तीव्र अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात हे जंतू जास्त फोफावतात. त्यापेक्षा शिकवताना शेजारी पाण्याची बाटली ठेवणं जास्त उपयोगाचं. नाक चोंदल्यामुळे रात्री तोंडाने श्वास घेणाऱ्यांनी आधी नाकाचा इलाज करावा.

खडा डोळ्यांना दिसतो आणि टोचतो, तेव्हा तो काढायचा मोह होतोच. ज्याला उलटीची उबळ पटकन येत नाही, अशा मोठ्या माणसाने काळजीपूर्वक प्रयत्न करायला हरकत नाही. जेवणानंतर लगेच नको. हात धुवावेत, आरशासमोर चांगला उजेड घ्यावा, कापसाची काडी पाण्यात ओली करावी, कारण कोरडा कापूस टॉन्सिलला चिकटतो आणि खरवडतो. आणि मुख्य म्हणजे खड्यावर दाब देऊ नये, त्याने तो आणखी आत जातो. दाब द्यायचा तो टॉन्सिलच्या पुढच्या कमानीवर, खड्याच्या खालच्या बाजूला, हळूच, बाहेरच्या दिशेने. सैल झालेला खडा आपोआप वर येतो. दोन-तीनदा दाबून आला नाही, दुखलं किंवा रक्ताचा ठिपका दिसला, तर थांबायचं. दातांत पाणी मारायचं यंत्र घरी असेल, तर ते सगळ्यात कमी जोरावर ठेवून, बेसिनवर वाकून, कोमट पाण्याची धार बाजूने सोडता येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी यातलं काही करू नये. लहान मुलांच्या घशात तर आई-वडिलांनी काडी घालूच नये. मूल मान झटकतं आणि इजा होते.

हेअरपिन, टूथपिक, चिमटा, नख यांतलं काहीही घशात जाता कामा नये. टॉन्सिलला रक्ताचा भरपूर पुरवठा असतो, तिथली जखम लवकर थांबत नाही आणि पुढे पिकूही शकते. खडा निघाला म्हणून जो आनंद होतो, त्याच्या भरात लोक रोज आरशात शोधाशोध सुरू करतात. रोजच्या टोचण्याने खाचेला वण पडतो, तोंड आणखी अरुंद होतं आणि खडे वाढतात. न टोचणारा, वास न देणारा खडा तसाच राहू द्यावा. कितीतरी लोकांचे खडे दातांच्या एक्स-रेमध्ये किंवा सीटी स्कॅनमध्ये योगायोगाने सापडतात आणि त्यांना आयुष्यात कधी त्रास झालेला नसतो.

सगळंच पांढरं खडा नसतं, हे मात्र ओळखता यायला हवं. ताप, गिळताना तीव्र दुखणं, दोन्ही टॉन्सिल लाल आणि सुजलेल्या, असं असेल तर तो जंतुसंसर्ग आहे. एका बाजूला खूप दुखून तोंड उघडेनासं झालं, आवाज घोगरा-जड झाला, लाळ गिळवेना, तर टॉन्सिलमागे पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. राखाडी पापुद्रा घशावर पसरला आणि तो पुसायला गेल्यावर रक्त आलं, तर घटसर्पाची शंका घ्यावी लागते आणि तीही तातडीची बाब आहे. एकच टॉन्सिल दुसरीपेक्षा मोठी होत चालली आहे, तिच्यावर न भरणारी जखम आहे, मानेत गाठ लागते आहे, हे दोन-तीन आठवडे टिकलं तर तपासणी टाळू नये. तंबाखू, गुटखा, मिश्री किंवा सिगारेट घेणाऱ्यांनी तर आठवडेही मोजत बसू नयेत. आपल्याकडे तोंड-घशाच्या कॅन्सरचे रुग्ण बरेचदा उशिरा येतात आणि त्यातले काही जण आधी घरगुती गुळण्यांवर महिने काढून आलेले असतात.

गुळण्या, पाणी आणि जिभेची स्वच्छता करूनही खडे सतत येत राहिले आणि त्याने जगणं अवघड झालं, तर खाचांची तोंडं लेझरने किंवा कोब्लेशन नावाच्या पद्धतीने रुंद करता येतात. टॉन्सिल तिथेच राहते, दुखणंही तुलनेने कमी असतं, पण काही जणांना ते पुन्हा करावं लागतं. टॉन्सिल काढून टाकली की खाचाच उरत नाहीत, त्यामुळे खड्यांचा प्रश्नही मिटतो. मात्र मोठ्या माणसाला या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस ते दोन आठवडे चांगलंच दुखतं आणि जखमेवरची खपली सुटताना, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान, रक्तस्राव होण्याचा धोका असतो. कधी त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रियागृहात जावं लागतं. त्या शिक्षिकेनेही हे विचारलं होतं. हे ऐकल्यावर तिने सुट्टीपर्यंत थांबायचं ठरवलं. सुट्टी येईपर्यंत खडे महिन्या-दोन महिन्यांतून एखादा, तोही चूळ भरताना आपणहून पडणारा, इतपत उरले होते. तिने शस्त्रक्रिया करून घेतली नाही.