अर्ध्या अंड्याचा हिशेब

घरात खाणारी माणसं दोनच असली की चोवीस बिस्किटांची कृती निम्मी करावीशी वाटते. समजा, चॉकलेटचे तुकडे घातलेल्या बिस्किटांची कृती आहे: मैदा 150 ग्रॅम, लोणी 100, साखर 100, चॉकलेट 100, अर्धा लहान चमचा खायचा सोडा आणि एक अंडं. मैदा 75 होतो, लोणी, साखर, चॉकलेट प्रत्येकी 50 आणि सोडा पाव चमचा. इथपर्यंत तोंडी हिशेब पुरतो. पुढच्या ओळीवर मात्र हात थांबतो, कारण अंडं अख्खंच मिळतं.

अशा वेळी बहुतेक जण अख्खं अंडं घालून मोकळे होतात. थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं, असा त्यामागचा विचार. पण अंड्यात तीनचतुर्थांश पाणीच असतं. निम्म्या पिठात अख्खं अंडं गेलं, तर 75 ग्रॅम मैद्याला सतरा-अठरा ग्रॅम पाणी जास्तीचं मिळतं आणि त्यासोबत दुप्पट प्रथिनं येतात. पाण्याने पीठ सैल पडून बोटांना चिकटतं, प्रथिनं ओव्हनच्या उष्णतेने घट्ट होतात. मग बिस्कीट पसरायच्या ऐवजी फुगतं, कडा कुरकुरीत होत नाहीत, आतून ते केकसारखं लागतं आणि वर अंड्याचा वास राहतो. याउलट अंडं कमी पडलं, तर गोळे वळतानाच भेगा पडतात आणि भाजलेलं बिस्कीट उचलताना भुगा होतो. कटलेटच्या सारणात किंवा माशाला रव्याआधी लावायच्या अंड्यात चमचाभर इकडेतिकडे झालं तरी चालतं. लोणी, साखर आणि मैदा यांचं प्रमाण नेमकं जुळवलेलं असतं, तिथे चालत नाही.

निम्मं करायचं म्हणजे नेमकं किती, हे ठरवायला आधी अख्खं अंडं किती हे कळायला हवं. आणि 'एक अंडं' हे माप देशागणिक बदलतं. अमेरिकन पुस्तकांतल्या कृती 'लार्ज' अंडं धरून लिहिलेल्या असतात. तिथे लार्जच्या डझनाचं वजन किमान 24 औंस असावं लागतं, म्हणजे कवचासकट एक अंडं साधारण 57 ग्रॅमचं आणि फोडल्यावर आतला ऐवज सुमारे 50 ग्रॅम. युरोपात 63 ते 73 ग्रॅमच्या अंड्याला लार्ज म्हणतात. भारतात अॅगमार्कच्या प्रतवारीत 53 ते 59 ग्रॅमचं अंडं मोठं आणि 45 ते 52 ग्रॅमचं मध्यम धरलं जातं. कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र तीसच्या ट्रेमधून अंडी नगावर मिळतात, त्यात पन्नासच्या आगेमागे वजनाची अंडी सर्रास असतात. गावरान अंडं तर त्याहूनही लहान, पण त्यात बलकाचा वाटा जास्त.

हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण निम्मं करताना तो भोवतो. दुकानातलं अंडं कवचासकट 51 ग्रॅम भरलं असं धरू. त्यातले पाच-सहा ग्रॅम कवचाचे, म्हणजे हाती आले 45. त्याचं निम्मं साडेबावीस. पण कृती अमेरिकन असेल तर तिला हवेत 25. म्हणजे वाटीतल्या अंड्याचं निम्मं न घेता निम्म्याहून थोडं जास्त घ्यायला हवं. कृती इथल्याच कोणी इथल्याच अंड्यावर बसवलेली असेल, तर आपल्या अंड्याचं निम्मं घेणंच बरोबर. कृती कुठली, हा प्रश्न म्हणूनच वजनाच्या आधी विचारावा.

आता प्रत्यक्ष काम. अंडं फोडून वाटीत घेतलं आणि तसंच तिरकं करून अर्धं ओतायला गेलं, तर ते अर्धं होत नाही. आधी सुटतो पातळ पांढरा भाग. मग घट्ट पांढरा लोळ एकदम घरंगळतो आणि बहुतेक वेळा बलकालाही ओढून नेतो. पांढऱ्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं, स्निग्धांश नसल्यातच जमा. बलकात पाणी निम्मंच, आणि जवळजवळ तीस टक्के स्निग्धांश. तेव्हा वजन बरोबर आलं तरी त्यात पांढरंच आलं असेल, तर ते 'अर्धं अंडं' नव्हेच.

म्हणून वजन करायचं असो की चमच्याने मोजायचं असो, अंडं आधी फेटावंच लागतं. फेटायचं म्हणजे ऑम्लेटसारखं फेस येईपर्यंत नव्हे. काटेचमचा वाटीच्या तळाला टेकवून उचलता न उचलता आडवा फिरवायचा, म्हणजे हवा कमी शिरते. बलकाला चिकटलेली पांढरी दोरी दिसली तर ती काढून टाकावी. ताज्या अंड्यात घट्ट पांढरा भाग जास्त असतो, त्यामुळे ते एकजीव व्हायला वेळ घेतं. झालं की नाही याची खूण सोपी आहे: काटेचमचा वर उचलला की अंडं सलग धारेत पडलं पाहिजे. मध्येच गोळा लोंबकळला, तर अजून फेटायला हवं. कृतीत मीठ असेलच, तर त्यातली चिमूट आत्ताच अंड्यात घालून पाच-दहा मिनिटं ठेवावी. अंडं लक्षात येईल इतकं पातळ होतं आणि रंगही गडद होतो. तेवढ्यानेही तार तुटत नसेल, तर चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावं.

वजनाची पद्धत सर्वांत भरवशाची, कारण फेस आला तरी वजन बदलत नाही. पण घरगुती डिजिटल काट्याची एक खोड माहीत असलेली बरी. असे बरेच काटे शून्याजवळ हळूहळू पडणारं वजन धरतच नाहीत. शून्यातला किरकोळ चढउतार दुरुस्त करायची सोय त्यांच्यात असते, आणि थेंबथेंब ओतलेलं अंडं त्यांना तो चढउतारच वाटतो. रिकाम्या भांड्यावर शून्य करून बारीक धारेने ओतलं, तर काटा कमी दाखवतो आणि अंडं जास्त पडतं. यावर उलटा मार्ग चांगला. फेटलेल्या अंड्याची वाटी काट्यावर ठेवून शून्य करावं आणि चमच्याचमच्याने अंडं काढून पिठात घालत जावं. काटा उणे आकडे दाखवू लागतो. उणे 25 दिसलं की थांबायचं. चमच्याला चिकटलेलं ग्रॅमभर अंडं वाटीतून आधीच वजा झालेलं असतं, म्हणून शेवटी चमचा पिठातच निपटून घ्यावा.

पाच-दहा किलो पेलणारा काटा इतकं लहान वजन नीट सांगतो का, ही शंका रास्त आहे. ती फेडायला दहा रुपयांची दोन धातूंची नाणी कामी येतात. एक नाणं 7.71 ग्रॅमचं असतं. तीन नाणी एकदम ठेवली की 23 दिसायला हवं, म्हणजे जवळजवळ आपल्या अर्ध्या अंड्याएवढंच वजन. 22 किंवा 24 दिसलं तरी बिस्किटांना त्याने फरक पडत नाही. 19 किंवा 27 दिसलं, तर त्या काट्यावर भाजी मोजावी, अंडं नको.

काटा नसेल तर चमचे. इथे चमचे म्हणजे मापाचे, मोठा 15 मिलिलिटरचा आणि लहान 5 चा. जेवणाच्या चमच्यांचे आकार घरोघरी वेगळे, त्यांचा इथे उपयोग नाही. फेटलेलं अंडं पाण्यापेक्षा किंचितच जड असतं, म्हणून 25 ग्रॅम अंडं म्हणजे सुमारे 24 मिलिलिटर: एक मोठा चमचा आणि दोन लहान चमच्यांना जरासं कमी. आपल्याच अंड्याचं निम्मं हवं असेल, तर आकडा पाठ करायचीही गरज नाही. लहान चमच्याने अख्खं अंडं दुसऱ्या वाटीत मोजत न्यावं. नऊ चमचे भरलं तर साडेचार पिठात घालावे. खोकल्याच्या औषधासोबत येणारी मिलिलिटरच्या रेघांची टोपी स्वच्छ धुतली, तर ती चमच्याहून सरस ठरते, कारण त्यात एकदाच ओतायचं आणि रेघ बघायची. मापाने मोजताना मात्र फेस नडतो. तो जागा व्यापतो आणि प्रत्यक्ष अंडं कमी भरतं. फेस खाली बसेपर्यंत पाच मिनिटं थांबावं, उरलेला चमच्याने बाजूला सारावा.

काही जण निम्म्या कृतीत नुसतं बलक घालतात. हा उपाय दिसतो त्याहून चांगला आहे. अठरा ग्रॅमच्या बलकात प्रथिनं जवळजवळ 25 ग्रॅम फेटलेल्या अंड्याएवढीच असतात. कमी पडतं ते पाणी, दहा ग्रॅमच्या आसपास, आणि स्निग्धांश दुपटीच्या जवळ जातो. बलकात दीड-दोन लहान चमचे दूध किंवा पाणी मिसळलं की पीठ नेहमीसारखं मळलं जातं. बिस्कीट थोडं जास्त खुसखुशीत आणि पिवळसर होतं, ते अनेकांना आवडतंच. मैद्याचा केक करताना मात्र हा बदल जपून करावा, कारण तिथे पांढऱ्यातली प्रथिनं फुगलेला केक धरून ठेवायचं काम करतात.

ही सगळी यातायात टाळणारी एक जुनी रीतही आहे. फ्रान्समधला 'कात्र-कार' केक आणि इंग्लंडमधला व्हिक्टोरिया स्पंज करताना अंडी कवचासकट तोलतात आणि लोणी, साखर, मैदा तेवढ्याच वजनाचे घेतात. अंडं कृतीप्रमाणे कापायचं नाही, कृतीच अंड्याप्रमाणे बसवायची. एका 51 ग्रॅमच्या अंड्याला 51 ग्रॅम लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा. एका अंड्याचा छोटा केक करायचा असेल, तर याहून सुटसुटीत हिशेब सापडणार नाही. पण बिस्किटांची घडी अशी समसमान नसते, तिथे फेटून मोजणंच भाग पडतं.

राहिलेलं अर्धं अंडं झाकणाच्या लहान डब्यात घालून लगेच फ्रिजमध्ये ठेवावं आणि दोन दिवसांत संपवावं. कच्चं फेटलेलं अंडं ओट्यावर तासन्‌तास राहू देऊ नये, महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. सकाळच्या भुर्जीत ते सहज मिसळून जातं, पावावर किंवा पॅटिसवर ब्रशने लावलं तर छान तांबूस रंग देतं. फेटलेलं अंडं फ्रीझरमध्येही टिकतं. नुसतं बलक मात्र गोठलं की चिकट घट्ट गोळा होतो आणि पुन्हा पातळ होत नाही, तेव्हा गोठवायचं ते पांढऱ्यात मिसळूनच. डब्यावर तारीख आणि '25 ग्रॅम' असं लिहून ठेवलं, तर पुढच्या खेपेला अंडं फोडायचंही कारण नाही. रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्यावं, पिठात घालण्याआधी एकदा ढवळावं, कारण सुटताना त्यातलं पाणी थोडं वेगळं होतं.