चौरसाच्या कोपऱ्यात उरलेले वर्तुळ

१० सेंटिमीटर बाजूचा एक चौरस काढा. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यावर कंपासचे टोक रोवून, बाजूएवढीच त्रिज्या घेऊन, चौरसाच्या आत पाव वर्तुळ ओढा. समोरच्या, म्हणजे उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात एक फट उरते. तिच्या दोन कडा सरळ असतात, तिसरी आतल्या बाजूला फुगलेली. दोन्ही बाजूंना आणि कंसाला टेकणारे एक छोटे वर्तुळ या फटीत नेमके बसते. त्याची त्रिज्या किती?

बहुतेक जण आधी कर्ण मोजतात, आणि ते बरोबरच आहे. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण १४.१४ सेंटिमीटर येतो. त्यातले १० सेंटिमीटर पाव वर्तुळाने व्यापले, उरले ४.१४. हाच छोट्या वर्तुळाचा व्यास समजून त्याची निम्मी, म्हणजे २.०७ सेंटिमीटर त्रिज्या सांगितली, की उत्तर चुकते. असे वर्तुळ थेट कोपऱ्याच्या टोकाला पोचायला हवे. पण त्याचे केंद्र टोकापासून २.०७ सेंटिमीटरवर असेल, तर ते प्रत्येक बाजूपासून जेमतेम १.४६ सेंटिमीटर दूर असते. त्रिज्या मात्र २.०७. म्हणजे वर्तुळ दोन्ही बाजू ओलांडून सुमारे ६ मिलिमीटर बाहेर जाईल.

काटकोनात बसवलेले वर्तुळ टोकाला कधीच पोचत नाही, टोकाशी थोडी जागा रिकामी राहते. तीच हिशेबात धरायची असते. छोट्या वर्तुळाची त्रिज्या ‘त्रि’ माना. त्याच्या केंद्रातून दोन्ही बाजूंवर लंब टाकले, की कोपऱ्यात ‘त्रि’ बाजूचा एक लहानसा चौरस तयार होतो. त्याचा कर्ण, म्हणजेच केंद्रापासून टोकापर्यंतचे अंतर, १.४१४ त्रि असतो. दोन वर्तुळे बाहेरून स्पर्श करतात तेव्हा त्यांच्या केंद्रांमधले अंतर त्रिज्यांच्या बेरजेएवढे असते, हे दहावीच्या भूमितीत येतेच. आता मोठ्या कर्णाचे तुकडे जोडू:

१४.१४ = १० + त्रि + १.४१४ त्रि

म्हणजे ४.१४ ला २.४१४ ने भागायचे. त्रिज्या १.७१६ सेंटिमीटर येते. पडताळा सोपा आहे: व्यास ३.४३ आणि टोकाशी रिकामे ०.७१, मिळून ४.१४.

चौरस कोणताही घ्या, ही त्रिज्या बाजूच्या (३ − २√२) पट, म्हणजे ०.१७१६ पट असते. तोंडी हिशेबाला ६/३५ हा अपूर्णांक पुरतो: ३५ सेंटिमीटरच्या चौरसात जवळजवळ ६ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ बसते. पाव वर्तुळाची त्रिज्या बाजूपेक्षा कमी, समजा ८ सेंटिमीटर असेल, तर ४.१४ च्या जागी ६.१४ येतात आणि उत्तर २.५४ होते. २.४१४ हा भाजक बदलत नाही, कारण तो काटकोनातून आलेला आहे.

हाच प्रश्न बीजगणिताने मांडला, तर १० सेंटिमीटरच्या चौरसासाठी वर्गसमीकरण मिळते: त्रि² − ६० त्रि + १०० = ०. त्याला दोन उत्तरे आहेत, १.७१६ आणि ५८.२८४. दुसरे चौरसात मावत नाही म्हणून खोडले जाते, पण तेही खरेच आहे. पाव वर्तुळ पूर्ण करा आणि त्या दोन बाजू डावीकडे व खाली वाढवा. त्या दोन्ही रेषांना आणि पूर्ण वर्तुळाला पलीकडून टेकणाऱ्या प्रचंड वर्तुळाची ती त्रिज्या आहे. दोन्ही उत्तरांचा गुणाकार नेमका १००, म्हणजे १० चा वर्ग. १० हा त्यांचा भूमितीमध्य आहे.

म्हणून ही मालिका टोकाच्या दिशेनेही पुढे चालते. १.७१६ नंतरच्या फटीत ०.२९४ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ बसते, त्यानंतर ०.०५ चे. ही सगळी वर्तुळे एकमेकांना कर्णावरच टेकतात. त्यामुळे न संपणाऱ्या या रांगेतल्या व्यासांची बेरीज बरोबर ४.१४ होते. सुरुवातीला एकाच वर्तुळाच्या नावावर टाकलेली लांबी खरे तर या सगळ्यांची मिळून आहे.

छोटे वर्तुळ हिशेब न करताही काढता येते. कर्ण कंसाला जिथे छेदतो तिथे कर्णाला लंब रेषा काढा. ही कंसाची स्पर्शिका. ती चौरसाच्या दोन बाजूंना छेदून कोपऱ्यात एक काटकोन त्रिकोण बनवते, आणि आपले वर्तुळ म्हणजे त्या त्रिकोणाचे अंतर्वर्तुळ. स्पर्शिका आणि बाजू यांच्यातला ४५ अंशांचा कोन दुभागा. दुभाजक कर्णाला जिथे मिळेल ते केंद्र. तिथून कंसावरच्या त्या छेदनबिंदूपर्यंत कंपास उघडून वर्तुळ ओढा. ते दोन्ही बाजूंना टेकले नाही, तर आधी चौरसाचा तो कोपरा खरोखर काटकोन आहे का ते गुण्याने तपासा.