गिझरच्या पोटातले क्षार

गिझरमध्ये क्षार साचले की वीजबिल वाढतं, असं सगळेच सांगतात. ते फारसं खरं नाही. साठवणीच्या गिझरमध्ये कॉईल पूर्णपणे पाण्यात बुडालेली असते. तिच्यावर क्षारांचा थर बसला तरी तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच उतरते, कारण तिला जायला दुसरी जागाच नसते. नुकसान होतं ते कॉईलचं. उष्णता बाहेर पडायला अडथळा आला की कॉईल स्वतः जास्त तापते, तिचं धातूचं आवरण कुठेतरी तडकतं आणि मग पाणी आत शिरतं. दुसरं नुकसान थर्मोस्टॅटचं. त्याची दांडी ज्या नळीत बसते तिच्यावरही क्षार चढतात आणि पाणी खरोखर किती तापलंय हे त्याला कळेनासं होतं.

हे क्षार येतात पाण्यातूनच. दख्खनच्या काळ्या दगडातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यांचं विघटन होतं आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट तयार होतो, म्हणजे खडूच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, तर दुसरा स्रोत नसेल तेव्हा ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा, तुमच्या बोअरचं पाणी ४०० चं आहे आणि घरात रोज ६० लिटर गरम पाणी लागतं. त्यातल्या कठीणपणाचा फक्त दहावा हिस्सा गिझरमध्ये उतरला असं धरलं, तरी वर्षाला पाऊण किलोहून जास्त खडू आत जमतो. जितकं तापमान जास्त, तितका तो वेगाने जमतो. म्हणून नॉब शेवटच्या टोकाला नेऊन ठेवण्यात काही अर्थ नाही, ६० अंश पुरतात.

गिझर आजारी आहे का, हे ओळखायला घड्याळ पुरतं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॉटच्या कॉईलला साधारण २१ मिनिटं लागतात, थोडी गळती धरून २२-२३. मधे नळ न उघडता गिझर लावा आणि दिवा विझेपर्यंतची वेळ बघा. आठ-नऊ मिनिटांत दिवा विझला आणि पाणी कोमटच राहिलं, तर थर्मोस्टॅट फसतोय. अर्धा तास लागला तर लगेच कॉईलला दोष देऊ नका, आधी व्होल्टेज मोजा. २३० च्या जागी २०० व्होल्ट मिळत असतील तर तीच कॉईल जेमतेम १५०० वॉट देते आणि २१ ची २८ मिनिटं होतात. दिवा चालू असून पाणी थंडच असेल तर बहुधा कॉईल आतून तुटली आहे. दिवाच लागत नसेल तर वीजपुरवठा, थर्मोस्टॅट किंवा जादा तापल्यावर वीज तोडणारा कटआउट तपासायचा. आणि गिझर लावल्यावर ईएलसीबी ट्रिप होत असेल तर कॉईलची वीज बॉडीत उतरते आहे. तेव्हा ईएलसीबी पुन्हापुन्हा वर करून अंघोळ उरकू नये.

आमच्या सोसायटीतल्या एका घरातला प्रकार असाच होता. बोअर आणि टँकरचं मिसळलेलं पाणी, १५ लिटरचा उभा गिझर. आधी काही आठवडे आतून तडतड आवाज येई. मग पाणी कोमट राहू लागलं. शेवटी गिझर लावला की पाचेक मिनिटांत ईएलसीबी ट्रिप व्हायचा. एका मिस्त्रीने मल्टिमीटर लावला, कॉईलच्या दोन टर्मिनलमध्ये २६ ओहम आले, आणि त्याने निदान केलं की कॉईल ठीक आहे, ईएलसीबीच नाजूक आहे, तो काढून टाका.

२६ ओहम बरोबरच होते. २००० वॉटच्या कॉईलचा रोध तेवढाच यायला हवा. पण त्यावरून फक्त आतली तार शाबूत आहे एवढंच कळतं. तार आणि बाहेरचं आवरण यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली असते. ती वीज अडवते, पण ओलावा लगेच शोषते. आवरणाला केसाएवढी चीर गेली तरी पूड ओली होते आणि वीज पाण्यात व बॉडीत उतरू लागते. म्हणून दुसरं मोजमाप टर्मिनल आणि आवरण यांच्यामध्ये घ्यायचं. तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. इथे काही हजार ओहम दिसले. पुष्कळदा गळती एवढी ढोबळ नसते आणि मल्टिमीटरच्या छोट्या बॅटरीला ती सापडत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लागतो आणि त्यावर निदान एक मेगाओहम तरी यायला हवा. त्या ईएलसीबीने आपलं काम चोख केलं होतं. तो काढला असता तर शॉवरखाली उभ्या माणसाचा भरवसा फक्त अर्थिंगवर राहिला असता, आणि जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनेमागे वायरच नसणं काही दुर्मीळ नाही.

आता गिझर उघडण्याविषयी. वॉरंटी चालू असेल तर कंपनीचाच माणूस बोलवा. वॉरंटी संपली असेल आणि मल्टिमीटर हातात घ्यायची सवय नसेल, तर विजेचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडे द्या आणि जवळ उभं राहून बघा. भिंतीवरचा स्विच बंद करणं पुरेसं नाही. तो एकच वायर तोडतो, आणि फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर स्विच बंद असूनही कॉईल जिवंत राहते. एमसीबी खाली करायचा, प्लग असेल तर तोही काढायचा आणि टर्मिनलवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या मीटरने तपासायच्या. दिव्याच्या टेस्टरवर जीव टांगू नये.

पाणी थंड होऊ द्या. थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडला की आतला दाब उतरतो. मग खालचे पाइप सोडवून टाकी रिकामी करायची. तरी तळाशी थोडं पाणी राहतंच, म्हणून खाली बादली हवी. खालचं झाकण काढल्यावर वायरींचा फोटो घ्या. थर्मोस्टॅट सरळ खाली ओढला की नळीतून निघतो. फ्लँजचे नट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे सैल करायचे. जाड थर चढलेली कॉईल भोकातून सहज निघत नाही. तिला ओढू नका, हलवत हलवत काढा.

त्या घरातल्या कॉईलवर बोटभर जाड पांढरा थर होता आणि टाकीच्या तळाशी ओंजळभर खपल्या. खपल्या हाताने किंवा प्लास्टिकच्या चमच्याने काढायच्या. टाकीला आतून काचेसारखा मुलामा असेल तर स्क्रूड्रायव्हर अजिबात लावू नये. एक ओरखडा गेला की तिथूनच गंज सुरू होतो. कॉईल शाबूत असेल तर ती धुण्यासाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, पुरतं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम घाला. त्या प्लास्टिकच्या बादलीत कॉईल अशी धरा की टर्मिनल कोरडी राहतील. बुडबुडे येऊ लागतात, ते थांबले आणि थर उरला असेल तर द्रावण बदला. पाणी उकळतं घेऊ नका. फार गरम, फार दाट द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा नवाच पांढरा साका बसतो. शेवटी भरपूर पाण्याने धुवा.

पुष्कळ मिस्त्री वेळ वाचवायला फरशी धुण्याचं अ‍ॅसिड वापरतात. ते हायड्रोक्लोरिक असतं. क्षार झपाट्याने जातात, पण त्याबरोबर फ्लँज आणि सांधेही खाल्ले जातात. टाकीतल्या मॅग्नेशियमच्या रॉडशी त्याचा संयोग झाला की हायड्रोजन निघतो, आणि तो पेट घेणारा वायू आहे. बाथरूममध्ये ब्लीच सांडलेलं असेल तर क्लोरिनही निघतो. त्यामुळे टाकीत ते ओतू देऊ नका. तो रॉड मात्र याच वेळी बघून घ्या. टाकीऐवजी स्वतः झिजणं हेच त्याचं काम असतं. आतली तार दिसू लागली असेल तर नवा घाला.

तडकलेली कॉईल धुऊन दुरुस्त होत नाही. नवी कॉईल त्याच वॉटची, त्याच लांबीची आणि फ्लँजला तितकीच भोकं असलेली हवी. जुनी कॉईल दुकानात सोबत न्या. थर्मोस्टॅट घेताना दांडीची लांबी आणि अँपिअर दोन्ही जुळवा. २००० वॉटला जवळजवळ नऊ अँपिअर वाहतात, तेव्हा १६ किंवा त्याहून जास्त अँपिअरचा घ्या. रबरी गॅस्केट नेहमी नवं. दबलेलं जुनं गॅस्केट हमखास गळतं आणि गळलेलं पाणी थेट टर्मिनलवर पडतं. नट पुन्हा समोरासमोर, सारखे आवळा. वायरींचे स्क्रू पक्के करा, सैल राहिलेलं टर्मिनल जळतं.

यानंतरचा क्रम चुकवू नका. आधी टाकी भरायची, गरम नळातून हवा फसफसणं थांबून सलग धार येईपर्यंत. मग फ्लँज कोरडा आहे का बघायचं, झाकण लावायचं आणि तेव्हाच वीज द्यायची. रिकाम्या टाकीत नवी कॉईल काही क्षणांत जळते. ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहा आणि घड्याळ लावा. त्या घरात दुरुस्तीनंतर बावीस मिनिटांनी दिवा विझला.

थर्मोस्टॅट मिळत नसेल तर मिस्त्री म्हणतो, ‘तोवर डायरेक्ट करून देतो.’ म्हणजे थर्मोस्टॅट आणि कटआउट वगळून वीज सरळ कॉईलला. तेव्हा त्याला नाही म्हणा. मग पाणी उकळलं तरी कॉईल थांबत नाही आणि फुटण्यापासून वाचवायला फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह उरतो. तोही अनेक घरांत थेंब गळतो म्हणून बुजवलेला असतो. ते थेंब म्हणजे बिघाड नव्हे. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की जवळजवळ पाव लिटरने फुगतं, आणि व्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नसल्याने ते तिथूनच बाहेर पडतं. तापत असतानाचे थेंब चालतात. गिझर थंड असतानाही धार लागली तर व्हॉल्व्ह बदला, पण बुजवू नका. कधी नळातून वाफ येऊ लागली तर नळ उघडत बसू नका. एमसीबी खाली करा, बाथरूमबाहेर या आणि तो थंड झाल्यावरच हात लावा.

आणि हे सगळं करूनही टाकीच्या पत्र्यातूनच पाणी झिरपताना दिसलं, तर वेल्डिंग करून घेऊ नका. त्या टाकीचं आयुष्य संपलं, नवा गिझर घ्या.