मामांकडे दुकानासाठी कर्ज मागणारे पत्र

दुकानासाठी नातेवाइकाकडे उसने मागताना तोंडी बोलण्यापेक्षा पत्र बरे. ते मामांना सवडीने वाचता येते, मामींना दाखवता येते आणि नकार द्यायचा असेल तर समोरासमोरचा अवघडलेपणा टळतो. सुरुवात ‘तीर्थस्वरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार’ अशी असली, तरी रक्कम पहिल्याच परिच्छेदात यावी. ती शेवटी दडवली की वाचणाऱ्याला आधीच्या आपुलकीचाही संशय येतो.

समजा, तालुक्याच्या गावी शाळेजवळ वह्या-पुस्तकांचे दुकान काढायचे आहे. गाळ्याची अनामत ४० हजार, फडताळे ३५ हजार, माल १ लाख १० हजार आणि तीन महिन्यांच्या भाड्याची तरतूद १५ हजार, असे एकूण २ लाख लागतात. पैकी ८० हजार स्वतःची बचत आहे. मामांकडे १ लाख २० हजार मागायचे आहेत. स्वतःचे किती, हे पत्रात लिहायलाच हवे. मामा ते आधी शोधतील.

परतफेडीचा हिशेब विक्रीवर नव्हे, सुटणाऱ्या पैशावर मांडावा. रोजची विक्री ४ हजार आणि त्यावर १५ टक्के सुटले, तर २६ दिवसांत १५,६०० रुपये होतात. भाडे ५ हजार आणि वीज-वाहतूक १,६०० वजा जाता ९ हजार उरतात. त्यातून मुद्दलाचा ४ हजारांचा हप्ता आणि उरलेल्या रकमेवर वर्षाला ६ टक्के व्याज, म्हणजे पहिल्या महिन्यात ६०० रुपये. हातात राहणाऱ्या ४,४०० रुपयांत घर चालत नाही. तेव्हा घरखर्च कोण उचलणार, हेही पत्रात सांगावे.

या धंद्याची खरी अडचण उन्हाळ्यात येते. जूनमध्ये गर्दी, तर एप्रिल-मेमध्ये शाळा बंद आणि गल्ला रिकामा. दरमहा सारखा हप्ता कबूल केला, तर पहिल्याच उन्हाळ्यात शब्द मोडतो. त्यापेक्षा वर्षाला दहा हप्ते ठेवून त्या दोन महिन्यांत फक्त व्याज द्यावे. ३० हप्ते ३ वर्षांत फिटतात. दुकान बंद करावे लागले, तर परत मिळणाऱ्या अनामतीवर पहिला हक्क मामांचा, हे वाक्य त्यांना सर्वांत जास्त धीर देईल. नकार दिला तरी नात्यात फरक पडणार नाही, हेही लिहावे, आणि मनापासून लिहावे.

मामांनी होकार दिला, तर अटी वेगळ्या कागदावर उतरवून दोघांनी सह्या कराव्यात. पैसे बँकेतूनच घ्यावेत. प्राप्तिकर कायद्यानुसार २० हजार किंवा त्याहून अधिक कर्ज रोख घेता येत नाही. घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला भरावा लागतो.