मायन्यातलं ‘चि. सौ.’

घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलंस. तेव्हापासून बाबांचा फोन नाही, फॅमिली ग्रुपमधूनही तुला काढलेलं. आणि एक दिवस पोस्टानं पत्र येतं, ‘घरी ये.’ तेवढं वाचूनच तू बॅग भरायला घेशील. जरा थांब. पत्र परत वाच, अगदी मायन्यापासून.

माझ्या एका मैत्रिणीला तिच्या वडिलांची अशी दोन पत्रं आली. पहिलं 2022च्या दिवाळीनंतर. वर ‘चि. कु.’ आणि पुढे माहेरचं आडनाव. म्हणजे बाबांच्या हिशेबात लग्न झालेलंच नाही! आत लिहिलेलं, आजी आजारी आहे, एकटीच ये, कुणाला सांगू नकोस. नवऱ्याचा उल्लेखच नाही. तिनं उलट कळवलं, ‘आधी आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलते.’ कॉल काही लागला नाही. नंतर मामीकडून कळलं, आजी ठणठणीत. आजारपण दर वेळी खोटंच असतं असं नाही, पण ‘एकटी’ आणि ‘कुणाला सांगू नकोस’ हे दोन्ही एकत्र आलं तर जाऊच नये. ‘सैराट’चा शेवट तू पाहिलायस.

दुसरं पत्र 2023च्या अधिक श्रावणात आलं. मायना ‘चि. सौ.’ आणि पाकिटावर नवऱ्याचं नाव. ‘धोंड्याच्या महिन्यात दोघं या. जावईबापूंच्या शर्टाचं माप कळव.’ धोंड्याचं वाण जावयालाच देतात, त्यामुळे हे आमंत्रण नुसतं मुलीला असूच शकत नाही. मला मात्र त्याखालची ओळ जास्त खरी वाटली: ‘तुझे काका अजून रागात आहेत. मी त्यांच्याशी बोलतोय, पण शब्द देत नाही.’ सगळं विसरलो, सगळे खूश आहेत, असं लिहिणाऱ्यापेक्षा घरात कोण अजून धुमसतंय हे सांगणारा बाप बरा. कारण बाप निवळला तरी भावकी निवळतेच असं नाही.

तरी ती थेट गावी गेली नाही. पहिली भेट तालुक्याच्या एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात, भर दुपारी. आई-बाबा दोघंच आले. त्यानंतर पंधरवड्यानं ही दोघं घरी गेली, तेही एका मित्राला कुठे जातोय, कधी परततोय ते सांगून.

निघण्याआधी तिनं बाबांना एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती: माफी मागायला येत नाहीये. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घरच्यांची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018मध्ये ठणकावून सांगितलंय. बाबांचं उत्तर एका ओळीचं होतं, ‘जेवायला या.’

जेवण झालं, अनारशांचा डबा हातात आला. आईनं राहायचा आग्रह केला. काकांनी ओसरीवरून मान फिरवली होती. परतीचं रिझर्वेशन आधीच केलेलं होतं, ती संध्याकाळची गाडी दोघांनी पकडली. मुक्काम केला तो पुढे दिवाळीत.